मुदतीचा ताप, मुदत आणि मुदतवाढ: अर्जात नक्की काय लिहायचं?

विहीरवाली
जरा घाईत आहे, कोणीतरी सांगा. एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर. गाईड मॅडमना अहवालाचा ड्राफ्ट द्यायची तारीख १५ एप्रिल. २८ मार्चला ताप चढला, टायफॉईड निघाला, आता ताप उतरलाय पण एक जिना चढले की धाप लागते आणि दहा मिनिटं स्क्रीनकडे बघितलं की डोकं गरगरतं. काल मॅडमना हा मेसेज टाकला:

"आदरणीय मॅडम, मुदतीच्या तापामुळे माझी प्रकृती अस्वस्थ असल्याने अहवाल वेळेत सादर करणे शक्य होणार नाही. तरी कृपया मुदत मिळावी ही नम्र विनंती."

मॅडमचा रिप्लाय: "मुदतीचा म्हणजे किती दिवसांचा? आणि मुदत १५ पर्यंत आहेच की." हसू की रडू कळेना. आमच्या घरी आजी टायफॉईडला मुदतीचा तापच म्हणते, मला वाटलं सगळेच म्हणतात. वर डॉक्टरांच्या सर्टिफिकेटवर "एंटेरिक फीवर" लिहिलंय, आणि डिपार्टमेंटचे क्लार्क म्हणतात अर्जातला आजार आणि सर्टिफिकेटवरचा आजार एकच पाहिजे. तर मुदतीचा ताप हा शब्द चुकीचा आहे का? आणि आता लिहू काय?

पारावरचा
चुकीचा अजिबात नाही, जुना आहे. आमच्या सांगलीकडे पन्नाशीच्या वरचा कुणीही सहज म्हणेल. अँटिबायोटिक नव्हती तेव्हा हा ताप आपली मुदत घेऊनच उतरायचा, तीनेक आठवडे, म्हणून मुदतीचा. घरात सात, चौदा, एकवीस असे दिवस मोजायचे आणि एकविसाव्या दिवसापर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला. क्लोरॅम्फेनिकॉल १९४८ मध्ये टायफॉईडवर लागू पडलं आणि मुदत संपली, शब्द तेवढा राहिला. तुझ्या मॅडमनी विचारलं ते खरं तर व्युत्पत्तीलाच धरून आहे :)

शुद्धमती
मुळात मुदत हा शब्दच आपला नाही, अरबी आहे. सरळ "विषमज्वर" लिहावं, शासनाच्या फलकांवर तोच असतो. पोटात विष भिनून येतो तो विषमज्वर, किती अर्थवाही शब्द आहे. आणि मुदतवाढ ऐवजी "अवधिविस्तार".

काढेवाली
शुद्धमती, फलकावर विषमज्वर म्हणजे टायफॉईड हे बरोबर, पण विषाचा काही संबंध नाही हो. विषम म्हणजे सम नसलेला, चढ-उतार करणारा. आणि खरी गंमत पुढेच आहे, आयुर्वेदात विषमज्वर म्हणतात तो येऊन-जाऊन असणारा ताप, एक दिवसाआड, दोन दिवसांआड, त्याची सांगड बहुतेक जण मलेरियाशी घालतात. म्हणजे ही मुलगी विषमज्वर लिहिणार, एखादे आयुर्वेदवाले सर असले तर हिवताप समजणार, आणि सर्टिफिकेटवर तिसरंच. तिला आधीच दोन नावांचा त्रास आहे, तुम्ही तिसरं चिकटवताय.

बाकी एंटेरिक फीवर म्हणजे टायफॉईड आणि त्याचा भाऊ पॅराटायफॉईड या दोघांचं मिळून नाव. डॉक्टर लोक सवयीने तेच लिहितात. क्लार्कना सांग, आजार एकच आहे.

शुद्धमती
विषाचं मागे घेते. अवधिविस्ताराचं नाही.

भाऊसाहेब_निवृत्त
कॉलेजच्या परीक्षा विभागात ३१ वर्षं काढली, असले अर्ज पोत्यांनी वाचलेत, म्हणून बोलतो. पोरी, तुझ्या मेसेजमध्ये ताप ही अडचणच नाही. अडचण शेवटच्या वाक्यात आहे. "मुदत मिळावी" असं लिहिलंस. मुदत तुला मिळालेली आहे, १५ तारखेपर्यंत. तुला पाहिजे ती मुदतवाढ. मॅडम बरोबरच बोलल्या.

आणि हे नुसतं शब्दांचं नाही. तारीख उलटायच्या आत मागतात ती मुदतवाढ. तारीख उलटल्यावर मागतात ती विलंबाची माफी, कोर्टातसुद्धा "विलंब माफीचा अर्ज" असाच शब्द आहे. पहिल्यात "मला इतके दिवस अजून लागतील" एवढं पुरतं, दुसऱ्यात "इतके दिवस का झाले आणि आधी का नाही कळवलं" याचा एकेका दिवसाचा हिशेब द्यावा लागतो. मुलं नेमकी उलटं करतात, आजारी असताना गप्प बसतात आणि १८ तारखेला "मुदतवाढ मिळावी" म्हणून येतात. संपलेली मुदत वाढवणार कशी? तू आधी लिहिलंस हे उत्तम केलंस.

सदानंद_के
मलापण २०१४ ला कावीळ झालेली, ऑफिसात साहेबाला "आजारपणाची रजा" लिहून दिली तर साहेब म्हणाला वैद्यकीय रजा लिही, आजारपण म्हणजे काय बाळंतपण आहे का. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे, आजार आणि आजारपण यात फरक काय? पथ्य म्हणून ऊसाचा रस पिऊन पिऊन कंटाळलो होतो ते वेगळंच.

काढेवाली
काका, रजेचं नाही विचारलंय तिने. पण प्रश्न चांगला आहे. माझ्या मते आजार म्हणजे रोग, आजारपण म्हणजे तो असतानाचा आणि त्यातून उठतानाचा सगळा काळ. विहीरवालीचा आजार तसा गेलाय, ताप नाही. आजारपण चालू आहे. म्हणून "आजारामुळे" पेक्षा "आजारपणामुळे" जास्त खरं आहे तिच्याबाबतीत.

पारावरचा
वा. आणि "प्रकृती अस्वस्थ असल्याने" ते काढ बाई आधी. मराठीत अस्वस्थ म्हणजे चैन पडत नाही तो. हिंदीतून आलंय हे. "प्रकृती अस्वास्थ्यामुळे" नाहीतर साधं "तब्येत बरी नसल्याने".

मुंबईकर_नंदू
यार कोण मॅडम अस्वस्थचा अर्थ बघणारे. आमच्या चाळीत पण लोक म्हणतात तब्येत अस्वस्थ वाटतेय. वापरात आहे म्हणजे मराठी आहे. तुम्ही लोक दिनांक लिहिता, बोलताना तारीख म्हणता, आणि दुसऱ्यांना शिकवता.

शुद्धमती
दिनांक सावरकरांनी रुजवला म्हणून आज कुणाला खटकत नाही. शंभर जणांनी अवधिविस्तार लिहिलं की तोही खटकणार नाही.

मुंबईकर_नंदू
शंभर जण शोधेपर्यंत तिची १५ तारीख जाईल.

गाईडगिरी
मी स्वतः दरवर्षी सहा-सात जणांचे प्रोजेक्ट बघते, त्यामुळे मॅडमच्या बाजूने सांगते. असा मेसेज आला की मी आजाराचं नाव बघतच नाही, टायफॉईड काय नि मुदतीचा काय, आजारी आहे म्हणजे आहे. मी तीन गोष्टी शोधते: काम कुठपर्यंत आलंय, कुठल्या तारखेला देणार, आणि ती तारीख माझ्या हातातली आहे का. ड्राफ्टची तारीख गाईडची असते, ती मी व्हॉट्सअ‍ॅपवरसुद्धा हलवू शकते. फायनल सबमिशनची माझ्या हातात नसते, त्याला विभागप्रमुखांच्या नावे अर्ज लागतो, माझ्या सहीने पुढे जाणारा. "मुदत मिळावी" एवढंच लिहिलं की मला कळतच नाही यातलं काय मागतेय, मग मी पण तिरकस प्रश्न विचारते. विहीरवाली, तुझं फायनल कधी आहे आणि उरलंय किती?

विहीरवाली
फायनल ५ मेला. नमुने ४२ विहिरींचे, सगळ्यांचं टेस्टिंग मार्चमध्येच झालंय, तक्ते तयार आहेत. नकाशा आणि शेवटची दोन प्रकरणं लिहायची राहिलीत. सर्टिफिकेटवर १ एप्रिलपासून १४ दिवस विश्रांती असं आहे. ताप २८ पासून होता पण पहिले चार दिवस घरीच क्रोसिन घेत बसले, डॉक्टरकडे १ तारखेला गेले.

भाऊसाहेब_निवृत्त
मग अर्जात २८ मार्च घालू नकोस. डॉक्टर आपल्याकडे आल्या दिवसापासूनच लिहून देतो. तू २८ लिहिलंस आणि कागदावर १ तारीख असली की आमच्यासारखा कारकून तिथेच लाल गोल करतो. खोटं म्हणून नाही, जुळत नाही म्हणून. आजाराच्या नावाचंही तेच, सर्टिफिकेटवर जे आहे ते जसंच्या तसं आधी, मग आपला शब्द.

गाईडगिरी
छान, टेस्टिंग झालंय हेच पहिल्या मेसेजमध्ये असतं तर मॅडमनी काही विचारलंच नसतं. हे बघ चालतंय का:

"मॅडम, नमस्कार. मला एंटेरिक फीवर (टायफॉईड) झाला असून १ एप्रिलपासून उपचार चालू आहेत, १४ दिवस विश्रांती सांगितली आहे, सर्टिफिकेट सोबत जोडले आहे. ४२ नमुन्यांचे टेस्टिंग आणि तक्ते पूर्ण आहेत, नकाशा व शेवटची दोन प्रकरणे बाकी आहेत. ड्राफ्टसाठी १५ एप्रिलऐवजी २५ एप्रिलपर्यंत मुदतवाढ मिळावी ही विनंती. तक्ते आजच पाठवते आहे. ५ मेच्या अंतिम तारखेत बदल मागत नाही."

शेवटची ओळ माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. त्या एका ओळीने मॅडमचा कागदपत्रांचा व्याप वाचतो. आणि १० दिवसच माग, २५ ला ड्राफ्ट आला तर मॅडमना वाचायला आणि तुला दुरुस्तीला ५ पर्यंत १० दिवस उरतात. ३० तारीख मागशील तर मॅडम नाही म्हणतील, मीही म्हणाले असते.

पारावरचा
"मिळावी" की "द्यावी"? मला मिळावी जरा पडेल वाटतं, कोण देणार तेच नाही त्यात. "आपण मुदतवाढ द्यावी" जास्त सरळ.

भाऊसाहेब_निवृत्त
अर्जात मिळावीच. द्यावी म्हटलं की हुकूम वाटतो.

गाईडगिरी
मला तर "दहा दिवस वाढवून द्याल का मॅडम?" सगळ्यात आवडेल. मिळावी वाचून वाचून डोळे निर्ढावलेत.

भाऊसाहेब_निवृत्त
ते तुमच्यापुरतं ठीक, फायलीला लावता येत नाही.

काढेवाली
शुद्धमतींसाठी एक, भांडण नको म्हणून. मुदत ज्या अरबी धातूपासून आलाय, म-द-द, त्याचा अर्थच ताणणे, लांबवणे. म्हणजे मुदतवाढ म्हणजे ताणलेल्याला परत ताणणं. आणि "मदत" हा शब्दही त्याच धातूतला. मुदत आणि मदत सख्ख्या बहिणी.

शुद्धमती
हे माहीत नव्हतं. तरी अर्ज, तारीख, मुदत, मदत, आजार सगळे बाहेरचे, एका मेसेजमध्ये आपलं काय उरलं मग?

मुंबईकर_नंदू
विनंती.

सदानंद_के
मुदत ठेवीतली मुदत पण तीच का? बँकेत आमची एक २०१९ ची मुदत ठेव आहे, तिलाही मुदतवाढ दिली तर "नूतनीकरण" म्हणतात, मुदतवाढ का नाही म्हणत?

विहीरवाली
गाईडगिरींचा मेसेज पाठवला, तक्ते जोडून. मॅडमनी "ओके, २५. काळजी घे" एवढंच लिहिलंय. अर्ध्या तासाने परत एक मेसेज: "मुदतीचा ताप म्हणजे टायफॉईड हे आईला विचारून कळलं." आजीला सांगितलं तर ती म्हणते, अजून एकवीस दिवस झाले नाहीत, लॅपटॉप बंद कर.

पारावरचा
सदानंदराव, ठेवीची मुदत संपते आणि नवीन सुरू होते, म्हणून नूतनीकरण. संपायच्या आत वाढली तर मुदतवाढ म्हणता येईल. भाऊसाहेब, बरोबर ना?

भाऊसाहेब_निवृत्त
बँकेचं बँकवाल्यांना विचारा.