त्याला/तिला मित्रमंडळींशी कधी भेटवलंत? (अनुभव धागा)

कंदीपेढा: काल साताऱ्यात राजवाड्याच्या चौपाटीवर एक जोडी दिसली, समोर पोराचे सहा मित्र. पोरीच्या हातात पाणीपुरीची प्लेट तशीच, नुसती कसनुसं हसत होती. मला माझं आठवलं. मी तिसऱ्याच आठवड्यात तिला अख्ख्या ग्रुपपुढे उभं केलेलं. दहा मिनिटांत एक गाढव 'वहिनी' म्हणालं! तिचा होकारसुद्धा आला नव्हता. परतताना पोवई नाक्यापर्यंत गाडीवर एक शब्द नाही. महिनाभरात संपलं, आणि मग सहा जणांना सहा वेळा सांगत बसलो. तुमचं?

बंड्या_मिरजकर: 'वहिनी' 😂😂 आमच्याकडे पहिल्या फोटोलाच म्हणतात

रेवा: मी दोन महिने थांबले. आधी त्याला विचारलं, मग एकाच मैत्रिणीला बोलावलं, तोंड बंद ठेवणाऱ्या. विश्रामबागला चहा, पाऊण तास. तिला बजावलेलं, माझा जुना विषय नको आणि लग्नाचं तर नकोच. सगळं गोड चाललेलं. फक्त मी काही बोलले की तो 'तसं नाही गं' म्हणून मलाच दुरुस्त करायचा. तीनदा झालं. एकटे असताना असं कधीच नव्हतं. मैत्रीण काही बोलली नाही, पण मला दिसलं. ग्रुपला भेटवणं तिथेच थांबवलं आणि त्याच्याशी बोलले. तो म्हणाला, टेन्शन आलेलं. खरं होतं की नाही, आजही सांगता येत नाही.

सह्याद्री७७: सरळ हिशोब आहे, तीन महिने कुणाला सांगायचं नाही.

रेवा: दादा, तीन महिन्यांत चारदाच भेटला असाल तर? आणि साताऱ्यात तीन महिने लपतंय होय!

अनामिक_सांगली: नाहीच लपत. आयर्विन पुलावर आम्हाला मैत्रिणीच्या मामाने बघितलं. तिला माझ्याआधी मामाकडून कळलं. दोन महिने बोलली नाही. एका जवळच्या माणसाला तरी लवकर सांगून ठेवा, भेटवा नंतर.

शिल्पाताई: आमच्या घरी आईला सांगायला वर्ष लागलं, बाबा अजून गप्पच आहेत

कंदीपेढा: ताई, घरचं नाही, मित्रांचं विचारतोय 🙏

शिल्पाताई: अगंबाई! कुकर लावता लावता वाचलं. असू दे.

निनाद: माझं उलटं. सात महिने झाले, तिने मला तिच्या एकाही मैत्रिणीला भेटवलं नाही. विचारलं की 'बघू'. तिची मैत्रीण दुकानात समोर आली तर 'हा ऑफिसातला' म्हणाली.

रेवा: भेटवलं नाही हे एकवेळ ठीक. 'ऑफिसातला' हे खटकतंय. त्या दिवशी विचारलंस का तिला?

निनाद: नाही.

बंड्या_मिरजकर: आणि पहिल्यांदाच ग्रुपबरोबर कासला नेऊ नका कुणी. आमच्या मित्राची होणारी बायको (आता नाही) यवतेश्वरच्या घाटात रुसली, गाडी एकच, सहा तास सगळे गप्प. चहावर भेटलं की निदान उठून जाता येतं.

शिल्पाताई: कासला बहर आहे का रे आत्ता?