नॉर्मल क्रिएटिनिन, तरी डोस कमी?

> "८० वर्षांच्या आजींचं क्रिएटिनिन १.१, म्हणजे नॉर्मलच. मग एनोक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस डॉक्टरांनी कमी का केला?"

क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं. आजींचं वजन ४० किलो, स्नायू झिजलेले. मुळात तयारच कमी होतं, म्हणून किडनी मंदावली तरी आकडा फारसा वाढत नाही. किडनी क्रिएटिनिन किती वेगाने बाहेर टाकते याचा अंदाज देणाऱ्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने मांडून बघ:

```
(140 - 80) × 40 ÷ (72 × 1.1) × 0.85 ≈ 26
```

म्हणजे मिनिटाला २६ मिली. एनोक्सापॅरिन किडनीवाटे बाहेर पडतं. हा आकडा ३० च्या खाली गेला की ते साठतं आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून गुठळीवरच्या उपचारात १ मिग्रॅ प्रतिकिलो दिवसातून दोनदाऐवजी एकदाच देतात. मात्र क्रिएटिनिन रोज बदलत असेल तर हे गणित फसतं. तेव्हा लघवी मोज: इथे तासाला २० मिलीच्या खाली टिकली, तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना कळव. हिरड्या, लघवीचा रंग, इंजेक्शनच्या जागचे काळेनिळे डागही बघ.