मदत हवी आहे: रात्रपाळीसाठी वॉचमन आणि एजन्सीची खात्री

नमस्कार मंडळी, कोथरूडच्या आमच्या २४ फ्लॅटच्या सोसायटीला १ तारखेपासून रात्रीचा वॉचमन हवा आहे. वेळ रात्री ८ ते सकाळी ८, आठवड्याला एक सुट्टी. गेटवर केबिन, पंखा, टॉयलेट आहे; राहायची सोय नाही. गाड्या धुणं, पाण्याची मोटर असली कामं सांगणार नाही. वॉचमनच्या हातात १८,००० रुपये पडावेत. पीएफ, ईएसआय आणि एजन्सीचं कमिशन वेगळं देऊ.

हातात किती पडतात हे मुद्दाम लिहितेय. आधीच्या एजन्सीला आम्ही २२,००० देत होतो, वॉचमन काकांना मिळायचे १३,०००. पीएफ कापला जायचा, पण त्यांच्या मोबाईलवर पासबुक उघडलं तर चार महिने एकही रुपया जमा नव्हता. पोलीस व्हेरिफिकेशनही दुसऱ्याच माणसाचं निघालं.

सध्या दोन एजन्सींशी बोलणं झालंय. सिक्युरिटी एजन्सी चालवायला लागणारं पसारा लायसन्स दोघांनीही दाखवलं. ते ५ वर्षांचं असतं, म्हणून मुदत पाहिली. एकाच्या लायसन्सवर पुणे जिल्हाच नाही, म्हणून तो बाद. दुसऱ्याकडे मागच्या महिन्याचं पीएफ चलन नावांच्या यादीसकट मागितलं, तर "ऑफिसमध्ये आहे" एवढंच उत्तर मिळालं.

ओळखीतला थेट माणूस नको, कारण सुट्टीच्या रात्री बदली कोण देणार?

तुमच्याकडे सुट्टीच्या रात्री न चुकता बदली पाठवणारी आणि पीएफची यादी दाखवणारी एजन्सी आहे का? आणि व्हेरिफिकेशनचा कागद त्याच माणसाचा आहे, हे तुम्ही पोलीस चौकीत जाऊन तपासलंत की दुसरीकडे?