आजीच्या घरातून फेरीबोटीवर जाताना जे-कट की सरळ कट?

काणकोणकर: छोटी डॉक्युमेंटरी एडिट करतोय. फोंड्याच्या घरात आजी म्हणते "आम्ही पलीकडे कधी गेलोच नाही", आणि पुढचा शॉट जुन्या गोव्याच्या धक्क्यावरची दिवाडीची फेरीबोट. बोटीच्या इंजिनचा आवाज दोन सेकंद आधी आणला तरी कट टोचतोच. मित्र म्हणतो पुढचा आवाज आधी आणायचा जे-कट, मागचा आवाज पुढच्या चित्रावर चालू ठेवायचा एल-कट, हे सगळं फॅड आहे. तुमचं मत?

सांगेकर: मित्राशी सहमत. शांत घरातून एकदम धडधड, हीच तर मजा, ती गुळगुळीत कशाला करायची? हल्ली प्रत्येक जोडावर आवाज आधी सरकवतात, मग पुढे काय येणार ते प्रेक्षकाला आधीच कळतं.

पर्वरीकर: अरे दोन्ही ऑडिओंवर लांब क्रॉसफेड टाक, झालं काम.

माशेलची ज्योती: क्रॉसफेडने टकटक जाईल पण घरातला पंखा बोटीवर घरघरत राहील ना. आणि दोन सेकंद म्हणजे २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर ५० फ्रेम, म्हणजे इंजिन आजीच्या "गेलोच नाही"वर चढतंय, टोचतंय ते तिथे. तिचा शेवटचा शब्द संपू दे, ती गप्प बसलेली दिसते त्यात इंजिन १२-१५ फ्रेम आधी सोड, तेही हळू आणि हाय कापून, नुसती खालची घुरघुर, आणि चित्र बदललं की पूर्ण आवाज उघड. पंख्याचा आवाज कटनंतर सात-आठ फ्रेमात फेड कर. प्रीमियरमध्ये रोलिंग टूल (N) घेऊन Alt दाबून फक्त चित्राचा कट पुढेमागे ओढ, ऑडिओ क्लिप सरकवू नको, नाहीतर सिंक जातो आणि क्लिपवर लाल आकडा दिसतो.

वास्कोचा बाब्या: आमच्या लग्नाच्या व्हिडिओत सगळ्यावर गाणंच असतं, हा प्रश्नच येत नाही 😄

काणकोणकर: @ज्योती पण आजी गप्प बसलेला शॉट जेमतेम अर्धा सेकंद आहे, बोलणं संपताच मीच कॅमेरा बंद केला!

ज्योती: मग जे सोड, एल कर. "आम्ही पलीकडे" घरात, "कधी गेलोच नाही" बोटीच्या चित्रावर, खाली इंजिन बारीक. माणसं पलीकडे निघालेली दिसतात आणि ती म्हणते गेलोच नाही, मला तरी हेच जास्त आवडेल. फक्त शब्दाच्या मध्ये कापू नको, आणि घराचा रूम टोन वेगळा रेकॉर्ड केला असेल तर बारीक भोकं त्याने भर.

सांगेकर: हे चांगलं आहे, पण मग आजीचा चेहरा गेला ना! ते वाक्य बोलताना ती कशी दिसते हेच बघायचं असतं. मी तर चेहऱ्यावरच थांबेन, आणि मग धाडकन भोंगा.

ज्योती: चेहऱ्यावर काही घडत असेल तर थांबच. ती नुसती खाली बघत असेल तर नाही.

काणकोणकर: खालीच बघतेय, पण पदर चाळवतेय. दोन्ही करून बघतो.