बटरफ्लाय: दुसरी किक उशिरा पडते, लाट छातीपाशीच तुटते. मदत हवी आहे

पंचवीस मीटर बटरफ्लाय मारता येतो, पण अर्ध्यानंतर कंबर बुडायला लागते. पाण्याखालून, बाजूने व्हिडिओ काढून पाहिला. पहिली किक ठीक आहे: हात पाण्यात शिरतात तेव्हाच पाय खाली येतात, छाती दबते, कंबर वर येते. घोळ पुढे आहे. हात पोटाखालून मांड्यांकडे ढकलत असतात तेव्हा दुसरी किक पडायला हवी. माझी पडते हात पाण्याबाहेर निघाल्यावर. तोवर डोकं श्वासासाठी वर गेलेलं असतं आणि त्या किकचा हात बाहेर काढायला काही उपयोग होत नाही.

हात अंगालगत ठेवून नुसती लाट जमते. एका हाताचा बटरफ्लायही जमतो, पण तो बाजूला श्वास घेऊन, म्हणून कदाचित दोष झाकला जात असावा. फिन्स घातल्या की वेळ आपोआप जुळते, काढल्या की पुन्हा तेच. दोन स्ट्रोकनंतर एकदा श्वास घेतो. बिनश्वासाच्या स्ट्रोकमध्ये उशीर कमी दिसतो. घोटे लवचिक आहेत. खांदा थोडा कुरकुरतो, त्यामुळे पॅडल्स सुचवू नका.

मला शंका आहे ती गुडघ्यांची. हात छातीखाली येतात तेव्हा माझे पाय अजून सरळच असतात. दुसऱ्या किकसाठी गुडघे नेमके कधी वाकायला लागले पाहिजेत, हात आत वळतानाच का? की आधी छाती लवकर सोडून कंबर खाली येऊ द्यायची, म्हणजे पाय आपसूक मागून येतील?