अनुभव सांगा: घरच्याच वायफायवर ‘जोडलेले, पण इंटरनेट नाही’

संत्रावाला, वरुड तालुका

आमच्या गावात तालुक्याच्या केबलवाल्यानं खांबाखांबावरून फायबर आणलं, घरी कनेक्शन घेतलं. फोन वायफायला लगेच जोडला जातो, पण खाली `Connected without internet` असं येतं आणि वायफायच्या चिन्हावर उद्गारचिन्ह. तोच फोन मोबाईल डेटावर ठीक, सासुरवाडीच्या वायफायवरही ठीक. घरात लहान भावाचा फोन याच वायफायवर झकास चालतो. फोन अँड्रॉइड 10 चा आहे.

इंटरनेट आहे का हे पाहायला फोन एका ठरलेल्या पत्त्यावर जाऊन येतो म्हणे. केबलवाल्यानं तो पत्ताच अडवला असावा असा माझा संशय आहे. दुसरी गोष्ट, जाहिराती नकोत म्हणून प्रायव्हेट डीएनएसमध्ये, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता कोणाला विचारायचा त्या सेटिंगमध्ये, `dns.adguard-dns.com` टाकून ठेवलंय. असं कोणाच्या बाबतीत झालंय का? झालं असेल तर काय केलं, जरा सविस्तर सांगा.

दारव्ह्याकडचा

भाऊ, मले वाटते टॉवरचाच लोचा आहे. आमच्याकडं लाईन गेली की थोड्या वेळात टॉवरबी बंद. पेरणीच्या दिवसात तर बापा फोन म्हणजे नुसता टॉर्च. तक्रार केली तर म्हणतात बॅटरी बदलून देतो. अजून बदलूनच राह्यले.

संत्रावाला

दादा, टॉवरचं नाही, वायफायचं म्हणतोय. पण तुमचं दुखणंही खरंच आहे.

शिक्षिका, चिमूर तालुका

माझं अगदी असंच झालं होतं. शाळेच्या वायफायवर फोन अडायचा, घरी नाही. प्रायव्हेट डीएनएस ऑफ केलं आणि सुरू झालं. ते सेटिंगच खराब आहे, कोणीही ठेवू नये. फोनची तारीख चुकली तरी असंच होतं, तीही बघा.

मोबाईल दुरुस्ती आणि नेटवर्किंग, आर्वी

ताई, ऑफ केल्यावर चाललं हे बरोबर, पण सेटिंग खराब नाही. तारखेचं म्हणाल तर ती चुकली असती तर फोन सगळीकडंच अडला असता. इथं एकाच वायफायवर अडतो.

संत्रावाले भाऊ, उत्तर तुमच्याच लिहिण्यात आहे. भावाचा फोन त्याच वायफायवर चालतो ना? मग तपासणीचा पत्ता अडवलेला नाही. अडवला असता तर त्याच्याही फोनवर उद्गारचिन्ह आलं असतं. त्याचं प्रायव्हेट डीएनएस बघा, बहुतेक ऑटोमॅटिकवर असेल. ऑटोमॅटिकवर फोन आधी गुपित वाटेनं डीएनएस विचारून पाहतो, नाही जमलं तर साध्या वाटेनं विचारतो. तुम्ही `dns.adguard-dns.com` हे होस्टनेम टाकलंय म्हणजे फोनला बजावलंय की याच दारानं जा, दुसरं दार उघडायचंच नाही. ते दार म्हणजे पोर्ट 853. वाटेत कुठं ते बंद असलं की फोनला एकाही नावाचा पत्ता सापडत नाही, तपासणीच्या पत्त्याचाही नाही. मग तो इंटरनेट नाही म्हणतो.

तपासायच्या आधी मोबाईल डेटा बंद करा. हे लोक विसरतात आणि तिथंच फसतात. वायफायवर इंटरनेट नाही असं फोनला वाटलं की तो गुपचूप मोबाईल डेटा वापरतो. वर वायफायचं चिन्ह दिसतं, पान उघडतं, आपण म्हणतो वायफाय चालू आहे, आणि रोजचा डेटा संध्याकाळच्या आत संपतो.

डेटा बंद केल्यावर प्रायव्हेट डीएनएस ऑफ करून वायफाय बंद-चालू करा आणि ब्राउझरमध्ये हे उघडा:

```
http://connectivitycheck.gstatic.com/generate_204
```

कोरं पान आलं तर तपासणी ठीक आहे, तिथं काही दिसायचंच नसतं. मग लॅपटॉप त्याच वायफायला जोडून पॉवरशेलमध्ये:

```
Test-NetConnection dns.adguard-dns.com -Port 853
```

नावच सापडलं नाही तर केबलवाल्याच्या डीएनएसनं ते नाव अडवलंय. होस्टनेमचा पत्तासुद्धा फोनला आधी साध्या डीएनएसलाच विचारावा लागतो, म्हणून असं होऊ शकतं. तेव्हा दुसरं होस्टनेम टाकून काम भागतं. नाव सापडलं, पण शेवटी `TcpTestSucceeded : False` आलं, तर 853 बंद असण्याचीच शक्यता जास्त. मग होस्टनेम बदलून उपयोग नाही. `dns.google` वर हेच करून पाहा, तिथंही False आलं तर संशय नको.

वाचनालय सांभाळणारी, यवतमाळ जिल्हा

आमचं नेमकं उलटं झालं! होस्टनेम टाकल्यावरच फोन सुरू झाले. आता काहून, ते सांगा.

भाच्यानं वाचनालयात जाहिराती अडवणारं एक छोटं यंत्र राउटरला जोडून दिलं. त्यानंतर येणाऱ्या मुलांच्या फोनवर ‘इंटरनेट नाही’ यायचं, पण पानं मात्र उघडायची. डेटा बंद करूनही उघडायची, हे मी स्वतः पाहिलंय. एका मुलानं होस्टनेम टाकलं आणि त्याचं उद्गारचिन्ह गेलं.

मोबाईल दुरुस्ती आणि नेटवर्किंग, आर्वी

ताई, तुमच्याकडं खरंच तपासणीचा पत्ता अडलाय. यंत्राच्या यादीत `gstatic.com` सापडण्याची शक्यता मोठी आहे. होस्टनेम टाकल्यावर फोन यंत्राला विचारतच नाही, थेट बाहेर विचारतो, म्हणून चिन्ह गेलं. यंत्राच्या परवानगीच्या यादीत `connectivitycheck.gstatic.com` आणि `www.google.com` टाका. तपासणी दोन्हीकडं जाते, म्हणून दोन्ही टाकलेली बरी. मुलांना काही करावं लागणार नाही.

थोडक्यात, उद्गारचिन्ह दोन्हीकडं एकच. होस्टनेम काढल्यावर गेलं तर दार बंद, टाकल्यावर गेलं तर पत्ता अडलेला.

वाचनालय सांभाळणारी, यवतमाळ जिल्हा

यादीत `gstatic.com` निघालं. परवानगी दिल्यावर बहुतेकांचं चिन्ह गेलं. एका जुन्या फोनवर अजून येतं, पानं चालतात. त्याचं काय ते कळलं नाही.

संत्रावाला

करून पाहिलं. भावाचं खरंच ऑटोमॅटिकवर निघालं. डेटा बंद, डीएनएस ऑफ, पान कोरं आलं. लॅपटॉपवर नाव सापडलं, पण False. `dns.google` लाही तेच. मग होस्टनेम परत टाकून सेटिंगमध्ये नीट पाहिलं, तर प्रायव्हेट डीएनएसच्या खाली बारीक अक्षरात `Couldn't connect` लिहिलेलं. इतके दिवस तिकडं कोण पाहतं!

केबलवाल्याला फोन केला. तो म्हणाला, आम्ही काही बंद केलं नाही, बाकीच्यांचं चालतं. बाकीच्यांनी होस्टनेम टाकलेलं नसेल, म्हणून चालत असेल.

आता ऑटोमॅटिकवर ठेवलंय. वायफाय सुरळीत आहे, जाहिराती परत आल्या. फक्त घरच्या वायफायपुरतं ऑटोमॅटिक आणि बाहेर होस्टनेम असं करता येतं का?

मोबाईल दुरुस्ती आणि नेटवर्किंग, आर्वी

साध्या अँड्रॉइडमध्ये नाही. ते सेटिंग वायफायपुरतं नसतं, अख्ख्या फोनचं असतं. घरापुरतं हवं तर राउटरच्या डीएचसीपीमध्ये डीएनएस म्हणून `94.140.14.14` द्या. तो त्याच जाहिराती अडवणाऱ्यांचा साधा डीएनएस आहे, त्याला 853 लागत नाही. पण त्याला विचारलेला प्रश्न वाटेत उघडा दिसतो आणि केबलवाला तो आपल्याकडं वळवत असेल तर हेही चालणार नाही. आणि 853 राउटरमध्येच बंद आहे की पुढं, हेही पाहायला पाहिजे. राउटरमध्ये फायरवॉलचं पान असतं, तिथं बघा.

संत्रावाला

राउटरचा पासवर्ड केबलवाल्याकडंच आहे. वसुलीला येईल तेव्हा घेतो.

दारव्ह्याकडचा

घेऊन ठेवजा भाऊ. पैसे द्यायच्या आधीच माग.