मदत हवी आहे: ‘हातावर तुरी देणे’ याचा सरळ अर्थ लिहिला तर शून्य का?

लातूरची_माय

नमस्कार मंडळी. मुलगी दहावीला आहे. शाळेच्या पूर्वपरीक्षेत ‘वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा (कोणतेही दोन)’ असा चार गुणांचा प्रश्न होता. लेकरानं लिहिलेलं जसंच्या तसं देते.

डोळे पाणावणे – डोळ्यांत पाणी येणे. वाक्य: ताईची पाठवणी करताना आजीचे डोळे पाणावले.

हातावर तुरी देणे – हातात तुरीचे दाणे देणे. वाक्य: तुरीची रास झाल्यावर बाबांनी कामाला आलेल्या बायांच्या हातावर तुरी दिल्या.

पहिल्याला दोनपैकी दोन, दुसऱ्याला शून्य. आमच्याकडं राशीच्या वेळी असं धान्य देतातच, म्हणजे वाक्य खोटं नाही. शुद्धलेखनाची चूक नाही, व्याकरणाचीही नाही. बरं, पहिल्या उत्तरातसुद्धा तिनं शब्दांचा जो अर्थ होतो तोच लिहिलाय. तिथं तो चालला आणि इथं का चालला नाही? शाळेत विचारायला जाणार आहे, पण आधी मला स्वतःला कळायला पाहिजे. तिला समजावता येईना गेलंय.

रोखठोक_नांदेड

ताई, यात अवघड काही नाही. वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ कधीच लिहायचा नसतो. ‘हातावर तुरी देणे’ म्हणजे फसवणे. वाक्य असं पाहिजे होतं: ‘व्यापाऱ्याने बोगस बियाणे देऊन शेतकऱ्याच्या हातावर तुरी दिल्या.’ शून्य बरोबर आहे.

भाषाभ्यास_परभणी

शून्य का पडलं हे कळतंय, पण वरच्या उत्तरातल्या दोन्ही गोष्टी अर्ध्याच बरोबर आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ताई, मुलीचं वाक्य मराठी म्हणून अगदी ठीक आहे. अडचण एवढीच की त्या वाक्यात वाक्प्रचार आलेलाच नाही. शब्द तेच आहेत, पण ते आपापल्या रोजच्या कामाला लागलेत. तिला हे पटवायचं असेल तर तिच्याच वाक्यात तुरीच्या जागी हरभरा घालायला सांगा. ‘रास झाल्यावर बाबांनी बायांच्या हातावर हरभरे दिले.’ वाक्य जसंच्या तसं उभं राहतं, फक्त पीक बदललं. आता हे वाक्य घ्या: ‘आग्र्याच्या कैदेतून 1666 साली शिवाजी महाराज औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन निसटले.’ इथं हरभरे घालून बघा. वाक्याचा अर्थच नाहीसा होतो. ‘हातावर तूर देऊन’ असं एकवचन केलं तरी मोडतं. ‘निवडलेल्या तुरी देऊन’ असं विशेषण जोडलं तरी मोडतं. शब्द बदलून, वाढवून किंवा वचन फिरवूनही जे वाक्य टिकतं, त्यातला शब्दसमूह साधा असतो. जो मोडतो तो वाक्प्रचार. मुलांना घरी बसून एवढं तपासता येतं, त्यासाठी गाइड लागत नाही.

आपल्या भागात ही चूक जास्त होते त्याला कारण आहे. तूर आपल्या शेतातली, रास डोळ्यांसमोरची. मुलाला ‘हातावर तुरी’ म्हटलं की खरं चित्र लगेच दिसतं आणि पुढं शोधावंसं वाटत नाही. जे शब्द परके वाटतात, तिथं मूल निदान विचारतं तरी.

आता ‘फसवणे’. रोखठोक भाऊ, एवढा अर्थ पुरत नाही. या वाक्प्रचारात तीन गोष्टी एकत्र लागतात: कोणीतरी ताब्यात किंवा पाळतीवर आहे, तो राखणाऱ्याला चकवतो, आणि निसटतो. म्हणून अर्थ ‘फसवून पळून जाणे’ असा लिहायचा. तुमच्या वाक्यातला व्यापारी कुठं पळाला नाही, तो दुकानातच बसलाय. बियाण्याच्या फसवणुकीला ‘तोंडाला पाने पुसणे’ चालेल. आणि ज्याच्या हातावर तुरी दिल्या तो राखणारा असतो, हेही मुलं उलटं करतात. ‘पोलिसांनी चोराच्या हातावर तुरी दिल्या’ असं लिहिलं की गुण गेला.

लातूरची_माय

हरभऱ्याचं तिला लगेच पटलं सर. पण डोळे पाणावण्याचं? तिथं तर शब्दांचाच अर्थ बरोबर धरला ना?

भाषाभ्यास_परभणी

हो, आणि म्हणूनच ‘शब्दशः अर्थ कधीच नाही’ हा नियम मुलांना सांगू नये. दुःख, भीती, आनंद यांची खूण अंगावर दिसते, तिथं शब्दांचा अर्थ खरा असतोच. आजीच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. कंठ दाटून येणे, अंगावर काटा येणे ही त्याच जातीची. पण तेवढ्यावर थांबायचं नाही, त्या खुणेमागची भावनाही यायला हवी. मुलीच्या वाक्यात पाठवणी होती, त्यामुळे ती आपोआप आली. तिनं ‘कांदा चिरताना आईचे डोळे पाणावले’ असं लिहिलं असतं तर पाणी तेच, पण मी गुण दिला नसता. अर्थ लिहिताना ‘भावना दाटून आल्याने डोळ्यांत अश्रू येणे’ असं लिहिलं की शंकेला जागा राहत नाही.

तुरीचं तसं नाही. चोर पळाला तेव्हा पोलिसाच्या हातावर काहीच पडलेलं नसतं.

भरतीची_तयारी

माझाही असाच घोळ आहे सर. सराव चाचणीत ‘पाणी सोडणे’ आलं होतं. पर्याय होते: विसर्ग करणे, त्याग करणे, भांडण लावणे, मदत करणे. मी विसर्ग करणे निवडलं, त्यांनी त्याग करणे बरोबर धरलं. जायकवाडीतून पाणी सोडलं ही तर दरवर्षीची बातमी आहे. मग प्रश्नच चुकीचा नाही का? हरकत घ्यावी म्हणतो.

भाषाभ्यास_परभणी

दादा, प्रश्नाच्या वर ‘वाक्प्रचाराचा अर्थ ओळखा’ असं लिहिलं असेल तर हरकत टिकायची नाही. सरळ अर्थाचा एक पर्याय मुद्दामच ठेवलेला असतो. तरी तुमची तक्रार अगदीच पोकळ नाही, कारण प्रश्न देणाऱ्यानं वाक्प्रचार अर्धाच दिला. तो पुरा असा आहे: ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’. सगळा खेळ त्या ‘वर’चा आहे. धरणातून पाणी सोडलं, उसाला पाणी सोडलं, ही साधी वाक्यं. ‘भावांतला वाद मिटावा म्हणून त्याने जमिनीच्या हिश्श्यावर पाणी सोडले’ हा वाक्प्रचार. ‘हिश्श्याला पाणी सोडले’ म्हणालात की लगेच मोटार चालू झाली.

हा वाक्प्रचार लक्षात राहायला सोपा आहे, कारण त्याचं मूळ अजून दिसतं. दान देताना हातावरून पाणी सोडतात, म्हणजे त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. उदक सोडणे तेच.

म्हणून वहीत वाक्प्रचार लिहिताना त्याच्या मागे कोण किंवा काय येतं आणि त्याला कोणता प्रत्यय लागतो तेही लिहा. ‘कोणाच्या तरी हातावर तुरी देणे’, ‘कशावर तरी पाणी सोडणे’, ‘कोणाला तरी पाणी पाजणे’. या शेवटच्याचा अर्थ पराभव करणे असाही होतो आणि बैलाला पाणी पाजणे हेही खरंच. तिथं प्रत्यय दोन्हीकडं ‘ला’च, त्यामुळे वाक्यात कुस्ती किंवा सामना आणावा लागतो. प्रत्ययाची युक्ती सगळीकडं चालत नाही.

खडू_फळा

गुणांबद्दल थोडं. असा प्रश्न तपासताना साधारणपणे अर्थाला एक आणि वाक्याला एक गुण धरतात. अर्थ चुकला पण वाक्यात वाक्प्रचार नीट बसला तर मी वाक्याचा गुण देतो, कारण मुलाला वापर येतोय हे दिसतं. इथं अर्थ आणि वाक्य दोन्ही एकाच चुकीवर उभी आहेत, म्हणून दोन्ही गेले. ‘वाक्य तर शुद्ध आहे, त्याचा अर्धा तरी द्या’ असं पालक म्हणतात. माझ्या मते देऊ नये, प्रश्न वाक्यरचनेचा नव्हताच.

आणखी दोन ठिकाणी गुण जातात. एक, मूल वाक्यात वाक्प्रचाराऐवजी त्याचा अर्थच लिहितं: ‘चोर पोलिसांना फसवून पळाला.’ वाक्प्रचार आलाच नाही, मग गुण कशाचा? दुसरं, ‘चोराने पोलिसांच्या हातावर तुरी दिल्या’ एवढंच लिहितं. ते चूक नाही, पण त्यावरून अर्थ समजलाय की शब्द जुळवलेत ते कळत नाही. ‘देऊन’ करून पुढं निसटला, पसार झाला असं क्रियापद घ्यावं. ‘न्यायालयात नेताना बसस्थानकावरच्या गर्दीत आरोपी पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पसार झाला.’ एवढं वाक्य पुरे.

भाषाभ्यास_परभणी

सर, अर्ध्या गुणाबाबत माझं मत वेगळं आहे. सराव परीक्षेत मी अर्धा देतो आणि शेजारी ‘वाक्प्रचार म्हणून वापर नाही’ असं लिहितो. नुसत्या शून्यावरून मुलाला कळत नाही की वाक्य चुकलं की अर्थ. अंतिम परीक्षेत मात्र मागू नये.

ताई, शाळेत जाल तेव्हा गुण वाढवून मागण्यापेक्षा बाईंना एवढंच विचारा की वाक्याचा गुण अर्थ चुकल्यामुळे गेला की वाक्यामुळे. त्यावरून पुढं कसा सराव घ्यायचा ते कळेल.

लातूरची_माय

विचारते सर. तिनं आत्ता नवीन वाक्य केलंय: ‘कुत्र्याच्या हातावर तुरी देऊन मांजर भिंतीवर चढले.’ चालेल का?

रोखठोक_नांदेड

कुत्र्याला हात कुठं असतात? नाही चालणार.

भाषाभ्यास_परभणी

हात नाहीत म्हणून अडायला नको, कारण पोलिसाच्या हातावरही तुरी नव्हत्याच. माझी अडचण निराळी आहे. मांजर कुत्र्याच्या ताब्यात नव्हतं आणि त्यानं चकवलंही नाही, ते नुसतं पळालं. ‘कुत्र्याने कोपऱ्यात अडवून धरलेले मांजर’ असं सुरुवातीला आलं तर मी मान्य करीन.

खडू_फळा

मी तरीही करणार नाही. हातावर तुरी देण्यात लबाडी आहे, ती माणसाकडूनच व्हावी. गोष्टीत शोभेल, उत्तरपत्रिकेत तपासणाऱ्याला विचारात पाडू नये. तिला कैदी, पहारेकरी, वर्गातून सटकलेली मुलं असं काही घ्यायला सांगा.